हब मोटरच्या आठ तारा

सायकलच्या चाकात बसणाऱ्या हब मोटरमधून बहुधा आठ तारा बाहेर येतात: तीन जाड आणि पाच बारीक. जाड तारांमधून मोटरला वीज मिळते. बारीक तारांमधून कंट्रोलरला कळते, की चाकातले चुंबक या क्षणी नेमके कुठे आहेत. घरी ई-सायकल जुळवणाऱ्याची खरी परीक्षा या आठ तारा जोडतानाच होते.

साध्या डीसी मोटरमध्ये कॉइल फिरते आणि तिच्यातल्या प्रवाहाची दिशा कार्बन ब्रश वेळोवेळी पालटतात. ब्रशलेस हब मोटरमध्ये कॉइल स्थिर असतात आणि चुंबक फिरतात. इथे दिशा पालटण्याचे काम कंट्रोलरमधले मॉसफेट करतात. कॉइलचे गट तीन. एका वेळी त्यांतल्या दोनच गटांमधून प्रवाह जातो, तिसरा बंद राहतो. कुठल्या दोन गटांमधून आणि कुठल्या दिशेने, याच्या सहा तऱ्हा होतात. चुंबक कॉइलच्या क्षेत्राकडे ओढला जातो आणि तो तिथे पोहोचायच्या आत कंट्रोलर पुढची तऱ्हा लावून क्षेत्र पुढे सरकवतो. त्यामुळे ओढ कधी संपत नाही आणि चाक फिरत राहते.

क्षेत्र कधी सरकवायचे, हे तीन हॉल सेन्सर सांगतात. समोर चुंबकाचा एक ध्रुव आला की सेन्सरचे उत्तर ०, दुसरा आला की १. तीन सेन्सरची उत्तरे एकत्र वाचली की क्रम असा दिसतो: १०१, १००, ११०, ०१०, ०११, ००१ आणि पुन्हा १०१. दर पायरीला एकच आकडा बदलतो. सेन्सर नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे १२० विद्युत अंशांवर बसवलेले असतील, तर ००० किंवा १११ कधीच येत नाही. तसे आले तर एखादा सेन्सर किंवा तार गेली आहे, असे समजावे.

गिअर नसलेल्या अनेक हब मोटरमध्ये ४६ चुंबक असतात, म्हणजे २३ जोड्या. एक जोडी सरकली की सहा पायऱ्या होतात, म्हणून चाकाच्या एका फेरीत १३८. २६ इंची चाकावर ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना सेकंदाला साडेचारशेहून अधिक वेळा प्रवाह पालटावा लागतो. सेन्सर नसलेले कंट्रोलर कॉइलमध्ये निर्माण होणाऱ्या उलट व्होल्टेजवरून चुंबकाची जागा ओळखतात, पण चाक थांबलेले असताना ते व्होल्टेजच नसते. चढावर, वजनासह सुरुवात करताना हॉल सेन्सर लागतात ते यासाठी.

मोटर चालवण्याआधी सेन्सर तपासून घ्यावेत. जाड तारा सोडवून ठेवाव्यात, बारीक तारा कंट्रोलरला जोडाव्यात, कारण सेन्सरला वीज आणि सिग्नलला आधार तिथूनच मिळतो. मल्टिमीटरचा काळा प्रोब काळ्या तारेवर ठेवावा. लाल तारेवर सुमारे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग चाक हाताने सावकाश फिरवत उरलेल्या तिन्ही तारा एकेक करून पाहाव्यात. प्रत्येकीवर व्होल्टेज शून्याजवळून पाचाजवळ आणि परत खाली यायला हवे. वरच्या मोटरमध्ये फेरीला २३ वेळा. एखादी तार एकाच आकड्यावर अडून बसली, तर दोष तिथेच आहे. गिअरच्या हब मोटरमध्ये चाक उलटे फिरवावे, कारण पुढे फिरवले तर आतली मोटर फिरतच नाही.

सेन्सर ठीक निघाले, तरी रंगाला रंग जोडून भागेलच असे नाही. रंगांचा क्रम सगळे उत्पादक एकसारखा ठेवत नाहीत. हॉलच्या तारा तशाच ठेवून तीन जाड तारा सहा प्रकारे जोडता येतात आणि त्यांतला एकच प्रकार पूर्ण बरोबर असतो. चाक उचलून धरावे, थ्रॉटल अगदी थोडे द्यावे आणि बॅटरीच्या तारेत वॅटमीटर लावावा. काही जोडण्यांत चाक थरथरून अडते. काहींत फिरते, पण खरखरते आणि प्रवाह फार ओढते. इथेच फसगत होते: चाक फिरले म्हणून जोडणी बरोबर मानली, तर पहिल्या चढावर मोटर आणि कंट्रोलर दोन्ही तापतात. बरोबर जोडणीत चाक शांत फिरते आणि रिकाम्या चाकाचा प्रवाह सहांमध्ये सर्वांत कमी असतो. चाक शांत पण उलटे फिरत असेल, तर हॉलच्या कुठल्याही दोन सिग्नल तारांची अदलाबदल करावी आणि सहा जोडण्या पुन्हा तपासाव्यात. कंट्रोलर बदलला की हे सारे पहिल्यापासून करावे लागते, म्हणून जोडणी सापडताच तारांवर खुणेच्या चिकटपट्ट्या लावून ठेवाव्यात.