व्हॅल्युअर व्हायचंय? आधी तारखा मोजा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री कर्जात बुडाली आणि प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं, असं समजू. बँकेला आणि पुढे कारखाना घेऊ पाहणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते: याची आज किंमत किती? पण उत्तर एकट्या माणसाने देता येत नाही. प्लॉट आणि शेड एका वर्गात मोडतात, भट्टी आणि मशिनरी दुसऱ्या वर्गात, कंपनीचे शेअर आणि इतर आर्थिक मालमत्ता तिसऱ्या. प्रत्येक वर्गासाठी त्या वर्गाची नोंदणी असलेलाच व्हॅल्युअर लागतो, आणि अशा प्रकरणात किमान दोघांनी स्वतंत्रपणे किंमत काढायची असते.

ही नोंदणी कंपनी कायदा २०१३च्या कलम २४७ खाली होते. त्याचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये आले आणि अंमलबजावणीचं काम दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे सोपवलं गेलं. जुन्या मंडळींना दिलेली मुदत दोनदा वाढवून ३१ जानेवारी २०१९ला संपली. तेव्हापासून कंपनी कायदा आणि दिवाळखोरी कायदा यांखालच्या कामासाठी परीक्षा देऊन नोंदणी केलेलाच माणूस लागतो. संपत्ती कराच्या कायद्यातल्या कलम ३४एबीखाली नोंद झालेले व्हॅल्युअरही ‘रजिस्टर्ड व्हॅल्युअर’च म्हणवतात. पण ती नोंदणी वेगळी आहे, आणि ती असली म्हणून कंपनी कायद्याखालचं काम करता येत नाही.

या वाटेवर येणारे बहुतेक जण आधी परीक्षेची चौकशी करतात: पुस्तकं कुठली, पेपर कसा असतो. खरं तर परीक्षेला बसायलाच आधी शिक्षण आणि अनुभव दोन्ही पूर्ण असावे लागतात. आधी पास होऊन घेऊ, अनुभव मग भरून काढू, असं इथे चालत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या कागदांवरच्या तारखा मांडणं.

कोणत्या वर्गात जाता येईल, हे पदवीच ठरवते. सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट किंवा नगररचनेचा पदवीधर जमीन-इमारतीच्या वर्गात जातो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रॉडक्शन, केमिकल, मेटलर्जी, टेक्स्टाइल अशा शाखांचे इंजिनिअर यंत्रसामग्रीच्या वर्गात. सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि फायनान्समधलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए केलेले लोक शेअर आणि आर्थिक मालमत्तेच्या वर्गात. आमची फौंड्री एखाद्या सीएने वीस वर्षं ऑडिट केली असेल, तिथल्या प्रत्येक मशीनची खरेदी त्याला पाठ असेल, तरी भट्टीची किंमत तो सही करून देऊ शकत नाही. उलट मेकॅनिकल इंजिनिअरने पुढे फायनान्सचं पूर्णवेळ एमबीए केलं, तर त्याला दुसरा वर्गही खुला होतो, पण त्या वर्गाचा अनुभव आणि परीक्षा वेगळी. नियमांतली शाखांची यादी नमुन्यादाखल दिलेली आहे. आपली शाखा तिच्यात दिसत नसेल, तर फी भरण्याआधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

आता वर्षं. पदवीधराला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदव्युत्तर शिक्षण झालेल्याला तीन वर्षांचा, आणि संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थेच्या सदस्याला सदस्यत्वानंतर तीन वर्षांचा. सगळी मेख त्या ‘नंतर’मध्ये आहे. सीएची आर्टिकलशिप कितीही घासून केलेली असो, ती सदस्यत्वाच्या आधीची म्हणून मोजली जात नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये सदस्य झालेल्या सीएची तीन वर्षं नोव्हेंबर २०२४ मध्ये भरतात, मग फर्ममध्ये तो त्याआधी कितीही काळ बसत असो. डिप्लोमा करून साइटवर काम केलेल्या आणि नंतर पदवी घेतलेल्या सिव्हिल इंजिनिअरचंही तसंच. त्याची पाच वर्षं पदवीच्या तारखेपासून सुरू होतात.

दोन वाटा उपलब्ध असतील, तर दोन्हींचा हिशेब करून पाहावा. नाशिकची एक सिव्हिल इंजिनिअर घेऊ. तिने जून २०१९ मध्ये बीई केलं आणि १ ऑगस्टपासून बांधकाम कंपनीत नोकरी धरली. जून २०२२ अखेर नोकरी सोडून तिने दोन वर्षं पूर्णवेळ एमटेक केलं आणि १ जुलै २०२४ला पुन्हा कामावर रुजू झाली. एमटेक झालं म्हणजे तीन वर्षांची वाट जवळची, असं तिला वाटणं साहजिक आहे. त्या वाटेने तिची मुदत जून २०२७ अखेर भरते, कारण मोजणी एमटेकनंतर सुरू होते आणि आधीचं काम बाद होतं. बीईच्या वाटेने मात्र आधीचे ३५ महिने जमेस धरले जातात. साठ महिन्यांना उरले २५, आणि ते जुलै २०२६ अखेर पूर्ण होतात. म्हणजे ज्या वाटेला जास्त वर्षं लिहिली आहेत, तीच अकरा महिने लवकर पोहोचवते.

अनुभव कशाचा, हाही प्रश्न येतो. नियमात ‘मूल्यांकनाचा अनुभव’ असं म्हटलेलं नाही. अनुभव त्या वर्गाशी संबंधित विद्याशाखेतला हवा. साइटवर बिलं काढणारी, इमारतींची दुरुस्ती सांभाळणारी सिव्हिल इंजिनिअर यात बसते. तिने मध्ये दोन वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली असतील, तर ती वर्षं दाखवणं कठीण जातं. अडचण बहुतेकदा कागदाची असते. नेमणुकीचं पत्र म्हणजे अनुभवाचा दाखला नव्हे. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र हवं. बंद पडलेल्या कंपनीकडून असं पत्र मिळवणं किती जिकिरीचं असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. म्हणून नोकरी सोडतानाच ते घेऊन ठेवावं.

तारखा जमल्या, की आयबीबीआयची मान्यता असलेल्या व्हॅल्युअरांच्या एखाद्या संघटनेचं सदस्य व्हायचं. तिला सगळे आरव्हीओ म्हणतात. आपल्या वर्गासाठी मान्यता असलेली संघटना निवडायची. सीएंच्या, कॉस्ट अकाउंटंटांच्या आणि कंपनी सेक्रेटरींच्या संस्थांनी आपापल्या संघटना उभ्या केल्या आहेत, इंजिनिअरांच्याही आहेत. संघटना कागद तपासते आणि सदस्य म्हणूनच तिचा ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. बाहेरच्या क्लासला जाऊन तो भरून निघत नाही.

५० तास म्हणजे दिवसाला आठ तास धरले तर आठवडाभराचं काम. एवढ्यात कुणी व्हॅल्युअर होत नाही, पण आपल्या धंद्याची सवय कुठे आडवी येते, ते कळतं. फौंड्रीतलं एक मशीन घ्या. आठ वर्षांपूर्वी ते ४० लाखांना आलं. अकाउंटंटला पहिल्यांदा आठवते ती पुस्तकातली किंमत: आयकराच्या १५ टक्के घसाऱ्याने दरवर्षी घटत ती सुमारे १० लाख ९० हजारांवर आलेली असते. पण त्याच क्षमतेचं नवं मशीन आज ६० लाखांना मिळतं. मशीनचं आयुष्य १५ वर्षं आणि शेवटी भंगाराचे १० टक्के येतील असं धरलं, तर आठ वर्षांची झीज ४८ टक्के होते आणि उरतात ३१ लाख २० हजार. पुस्तकातला आकडा कर भरण्यासाठी असतो, बाजारात त्याला कुणी विचारत नाही.

इंजिनिअर मात्र इथेच थांबतो आणि तिथे चुकतो. हे मशीन जास्त वीज खात असेल, त्याच्या मालाला मागणी उरली नसेल, तर ३१ लाखांतूनही वजावट करावी लागते. कारखाना बंद पाडून घाईने विकायचा असेल, तर आकडा आणखी खाली येतो. जमिनीचंही तसंच. एमआयडीसीचा प्लॉट बहुधा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतो आणि हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते. शेजारच्या मालकी हक्काच्या जमिनीचा भाव तिथे जसाच्या तसा लावला, की अहवाल कोसळलाच. म्हणूनच सिव्हिल इंजिनिअरच्या अभ्यासक्रमात कायदा, अर्थशास्त्र आणि हिशेबही असतात.

परीक्षा संगणकावर, दोन तासांची आणि पर्यायी प्रश्नांची असते. १०० पैकी ६० गुण लागतात. कितीही वेळा बसता येतं. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण कापतात, आणि जाणती माणसं इथेच सापडतात. एखाद्याने सगळा पेपर सोडवला आणि ६२ गुणांची उत्तरं बरोबर आली, तर तो पास व्हायला हवा. पण ३८ गुणांचं चुकलं म्हणून साडेनऊ गुण गेले, हाती राहिले साडेबावन्न. त्यातले बहुतेक प्रश्न कोरे सोडले असते, तर तो सुटला असता. अनुभवी लोकांना प्रश्न कोरा सोडणं कमीपणाचं वाटतं. त्यात शेवटी येणारा उदाहरणांचा भाग आकडेमोडीचा असतो आणि घड्याळ थांबत नाही. तो भाग आधी सोडवून मग बाकीच्याकडे वळणं शहाणपणाचं.

पास झालात म्हणजे नोंदणी झाली, असं नाही. निकालानंतर संघटनेची शिफारस घेऊन पाच हजार रुपये शुल्कासह आयबीबीआयकडे अर्ज करावा लागतो, आणि परीक्षा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत पास झालेली असावी लागते. त्याच वेळी चारित्र्य, गुन्ह्यांची नोंद आणि दिवाळखोरी तपासतात. अर्जदार भारताचा रहिवासीही हवा. आखातात वा अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या इंजिनिअरने हे आधी पाहून घ्यावं. निकाल कपाटात ठेवून नोकरी चालू ठेवणाऱ्याची तीन वर्षं कधी उलटली ते कळत नाही, आणि मग परीक्षा पुन्हा द्यावी लागते.

नाशिकच्या त्या इंजिनिअरने जुलै २०२६ अखेर मुदत भरताच सदस्यत्वाचा अर्ज करावा, पण जुन्या कंपनीचं पत्र आत्ताच मागून ठेवावं. नंतर अभ्यासक्रम, परीक्षा आणि अर्ज अशा क्रमाने जाताना उशीर तिच्या हातात राहील, दुसऱ्याच्या कागदावर अडकणार नाही.