आलेला आहेर पुढे द्यावा का?

लग्नसराई संपते, मांडवाचे वासे उतरतात, आणि मग घरोघर एक कपाट भरते. एकसारखी तीन भिंतीवरची घड्याळे, दोन लेमन सेट, ज्यांचा रंग घरातील कोणालाही शोभत नाही अशा चार साड्या, शर्टपीस, आणि ब्लाऊजपीसचा एक गठ्ठा. पुढे कोणाची तरी वास्तुशांत किंवा मुंज निघते, महिनाअखेर असते, आणि गृहिणीचा हात आपसूकच त्या कपाटाकडे वळतो. हात वळतो खरा, पण मन कचरते. दुसऱ्याने आपल्याला दिलेली वस्तू तिसऱ्याला देणे योग्य होय काय? आणि दिलीच, तर उघडकीस आल्यावर तोंड कोठे लपवावे? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु वर्षानुवर्षांची नाती अशा क्षुल्लक प्रश्नांवरच दुरावतात, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे.

आमच्या परिचयातील एका शिक्षिकाबाईंची हकीगत सांगण्यासारखी आहे. त्यांच्या वास्तुशांतीला त्यांच्या चुलत जाऊबाईंनी मोरपंखी रंगाची एक साडी दिली. बाईंना तो रंग रुचला नाही. साडी दोन वर्षे कपाटात राहिली. पुढे मामेबहिणीच्या घरी कार्य निघाले, बाजारात जाण्यास सवड मिळाली नाही, म्हणून बाईंनी तीच साडी नेली. आणि हातात देताना, कोणी विचारले नसताना, ‘तुझ्यासाठी मुद्दाम घेतली हो,’ असे म्हणून गेल्या. पुढच्या हिवाळ्यात एका लग्नात मामेबहीण ती साडी नेसून आली आणि जाऊबाईंच्या शेजारीच बसली. ‘साडी छान आहे, कुठे घेतलीत?’ असे जाऊबाईंनी विचारताच, ‘ताईंनी माझ्यासाठी मुद्दाम आणली,’ असे सरळ उत्तर आले.

आता, मोरपंखी साड्या बाजारात शेकडो असतात. जाऊबाईंनी साडी ओळखली ती रंगावरून नव्हे, तर फॉलवरून. वास्तुशांतीच्या आधी दोन रात्री बसून त्यांनी तो स्वतःच्या हाताने लावला होता, आणि नेमका रंग न मिळाल्याने तो किंचित फिका होता. लग्नघरात त्या काही बोलल्या नाहीत. आठ दिवसांनी शिक्षिकाबाई स्वतः भेटीस गेल्या, तेव्हा त्यांनी इतकेच म्हटले, ‘साडी दिलीत याचे काही नाही. रंग आवडला नाही म्हणाला असतात, तर दुकानात बदलून आणली असती. पण तुम्ही मुद्दाम घेतली असे सांगितलेत.’

या एका वाक्यात या प्रश्नाचा अर्धा उलगडा आहे. दुखावले ते वस्तू पुढे गेल्याने नव्हे. दुखावले ते दोन कारणांनी. एक, त्या वस्तूत देणाऱ्याचे श्रम होते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाहीत. दुसरे, वस्तूबरोबर एक असत्य पुढे गेले.

वस्तू पुढे देण्याची आपल्याला मुळात लाज वाटते असे म्हणावे, तर आपला व्यवहार त्याच्या उलट साक्ष देतो. ओटीत आलेला ब्लाऊजपीस दुसऱ्या ओटीत जातो, तेथून तिसऱ्या, आणि त्याविषयी कोणालाही वैषम्य वाटत नाही. सत्कारात मिळालेले श्रीफळ कोणी जपून ठेवत नाही. याचे कारण असे की, हा मानाचा आहेर होय. त्यात व्यक्ती पाहून निवड केलेली नसते; आम्ही तुमचा मान ठेवला, एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि तो देण्याच्या क्षणीच पूर्ण होतो. त्यानंतर ती वस्तू फिरत राहिली तरी कोणाचे काही हरवत नाही. दुसरा असतो तो मनाचा आहेर. मावशीने विणलेला स्वेटर, विद्यार्थ्याने दोन ओळी लिहून दिलेले पुस्तक, जाऊबाईंनी फॉल लावलेली साडी. येथे वस्तूपेक्षा निवड आणि श्रम मोठे असतात. मानाचा आहेर पुढे देण्यास हरकत नाही. मनाचा आहेर देणाऱ्याला विचारल्यावाचून देऊ नये, हा पहिला नियम मानावा.

आपली धास्ती अनेकदा वास्तवापेक्षा मोठी असते, हेही सांगितले पाहिजे. गॅब्रिएल अ‍ॅडम्स, फ्रान्सिस फ्लिन व मायकेल नॉर्टन या अभ्यासकांनी 2012 साली याच विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. भेट घेणाऱ्यांना वाटत होते की, भेट पुढे देणे हे ती फेकून देण्याइतकेच देणाऱ्याला लागेल. प्रत्यक्ष देणाऱ्यांचे मत निराळे निघाले. फेकून देणे त्यांना फार लागत होते. पुढे देणे त्या मानाने कितीतरी कमी. अर्थात हे प्रयोग अमेरिकेतले. आपल्याकडे देणारा, घेणारा व तिसरा हे एकाच गोतावळ्यातले असतात आणि मानापमानाचा हिशेब पिढ्यानपिढ्या चालतो, हे विसरून चालणार नाही.

परंतु या साऱ्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. ती वस्तू आपली आहे काय? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, मोबदल्यावाचून स्वखुशीने दिलेली व घेणाऱ्याने स्वीकारलेली वस्तू हे दान होय. स्वीकार झाला की ती घेणाऱ्याची झाली. तिचे काय करावे हा त्याचा अधिकार. पण त्याचाच, घरातील इतरांचा नव्हे. आपल्याकडे लग्नानंतर नवऱ्या मुलीला आलेल्या साड्या सासूबाईंच्या कपाटात जातात आणि तेथून नणंदा, भाच्या, विहिणी यांच्याकडे वाटल्या जातात. बिचारी सून संकोचाने गप्प बसते. वास्तविक तिला मिळालेल्या भेटी हे तिचे स्त्रीधन होय. प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क असून, सांभाळण्यास दिलेल्या अशा वस्तूंचा सासरच्यांनी अपहार केल्यास तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. त्याच वर्षी हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली नियम झाले. त्यांनुसार वधूवरांना आलेल्या भेटींची लेखी यादी करावयाची असते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते तीत नोंदवून तीवर दोघांनी सह्या करावयाच्या असतात. तेव्हा सुनेची एक साडी दुसरीकडे द्यावयाची झाली, तरी आधी तिला विचारावे. आणि तिला ‘नको’ म्हणता येईल अशा रीतीने विचारावे.

वस्तू आपली आहे आणि मानाची आहे असे ठरले, म्हणजे मग संकोच टाळण्याचे उपाय. पहिला उपाय जुनाच आहे: आहेराची वही. परतीचा आहेर करण्यासाठी आपली वडीलधारी माणसे ती ठेवीत. त्याच वहीवरून, कोणती वस्तू कोणाकडून, कधी आली हे कळते. त्याशिवाय प्रत्येक वस्तूला देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवावी. कारण दोन वर्षांनी आठवण दगा देते आणि वस्तू मूळ मालकाच्याच हाती परत जाते. दुसरे, वर्तुळ बदलावे. नात्यातून आलेली वस्तू कचेरीतल्या सहकाऱ्याला द्यावी, कचेरीतून आलेली नात्यात. लहान गावात मात्र ही दोन्ही वर्तुळे एकाच लग्नात भेटतात, हे ध्यानी ठेवावे.

तिसरे, वस्तू नीट उलगडून पाहावी. साडीच्या घडीत चिठ्ठी किंवा पाकीट राहिले असेल, घडीच्या रेषेवर कापड पिवळे पडले असेल किंवा विरले असेल, डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल. घड्याळात मूळची बॅटरी पाझरून हिरवट क्षार जमला असेल. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा असेल, तर हमीही संपली आणि गुपितही फुटले. स्टीलच्या डब्यावर नाव घातलेले असले, तर तो डबा पुढे देण्याचा विचारच सोडावा. पुस्तकावर ‘सप्रेम भेट’ लिहिलेले असले, तर ते पान फाडू नये. ते पुस्तक घरातच राहू द्यावे.

चौथे, पुढे देताना खोटे बोलू नये. जवळच्या माणसाला मोकळेपणाने सांगावे, ‘आमच्याकडे आली होती, हा रंग तुला शोभेल म्हणून तुला आणली.’ दूरच्याला काही न सांगता द्यावी. आणि कोणी सरळ विचारलेच, तर खरे ते सांगावे. मात्र हा रंग तिला खरोखरच शोभतो काय, हे आधी पाहावे. आपल्याला नकोशी झालेली वस्तू कोणालाही हवीशी नसेल, तर ते देणे नव्हे. तो केवळ कपाट रिकामे करण्याचा उद्योग होय. घरकाम करणाऱ्या बाईला दिवाळीच्या बोनसऐवजी अशी साडी देऊन औदार्य मिरविणे तर त्याहून वाईट. बोनस पैशातच द्यावा. साडी द्यावयाचीच तर त्यावर वेगळी, आणि तिला पसंत असली तर.

शिक्षिकाबाईंनी जाऊबाईंची क्षमा मागितली आणि ती मिळालीही. दोघींचे येणेजाणे चालू आहे. मात्र त्या दिवसापासून जाऊबाई त्यांना साडी देत नाहीत. प्रत्येक कार्याला त्या न चुकता एक पाकीट देतात, आणि त्यात 251 रुपये असतात. व्यवहार म्हणून त्यात काहीच उणे नाही. पण दोन रात्री बसून फॉल लावण्याइतके त्यांना आता वाटत नाही, आणि हे उणे कोणत्याही आहेराच्या वहीत लिहिता येत नाही.