तीच कॅब, तीच थाळी, किंमत मात्र वेगळी

समजा, तुम्ही कोथरूडला राहता आणि हिंजवडीतल्या दोन कंपन्यांनी तुम्हाला ऑफर दिली आहे. पहिली महिन्याला 1,50,000 रुपये पगार देते, बाकी काही नाही. दुसरी 1,40,000 देते आणि वर घरापासून कॅब, दुपारचं जेवण आणि आई-वडिलांसह मेडिक्लेम. फरक दहा हजारांचा. मग या तीन सोयी दहा हजारांच्या आहेत का?

पहिलं आश्चर्य इथेच आहे. तो फरक मुळात दहा हजारांचा नाहीच! 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 16 ते 20 लाखांच्या टप्प्यावर 20 टक्के कर लागतो, उपकर धरून 20.8. वरचे दहा हजार याच टप्प्यात येतात, म्हणजे हातात पडतात फक्त 7,920. ऑफिसच्या कॅबवर आणि कंपनीने भरलेल्या मेडिक्लेमच्या हप्त्यावर मात्र कर लागत नाही, कॅन्टीनच्या जेवणालाही ठराविक मर्यादेपर्यंत सूट असते. म्हणून सोयींची तुलना करायची ती या 7,920 शी.

आता त्या सोयींची किंमत कशी काढायची? कंपनीला किती खर्च येतो हे कळून उपयोग नाही, आणि बाजारभाव कळूनही नाही. प्रश्न एकच विचारायचा: ही सोय नसती, तर माझ्या खिशातून खरोखर किती गेले असते?

जेवण घ्या. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जायचं आहे, म्हणजे महिन्याला 13 दिवस. कॅन्टीनची थाळी बाहेर दीडशेला मिळत असेल. पण तुम्ही एरवी घरचा डबा नेत असाल आणि त्याला 60 रुपये लागत असतील, तर वाचतात 60 गुणिले 13, म्हणजे 780 रुपये. दीडशेची थाळी तुमच्यासाठी साठचीच!

कॅबची गोष्ट याहून चकित करणारी. ॲपवरून टॅक्सी केली तर एका फेरीला 450 धरा, दिवसाला 900, महिन्याला 11,700. पण तुम्ही दुचाकीने जाणारे असाल, तर पेट्रोल आणि झीज मिळून दिवसाला 140 रुपये जातील, महिन्याला 1,820. गाडी तीच, रस्ता तोच, सीटही तीच, आणि किंमत मात्र एकाला सहापट.

आणि मेडिक्लेम? वडिलांना मधुमेह आहे आणि दोघांसाठी स्वतः पॉलिसी घेतली तर वर्षाला 48,000 लागतात, असं धरू. म्हणजे महिन्याला 4,000. कंपनी पालकांच्या हप्त्यापोटी पगारातून 1,000 कापत असेल, तर उरतात 3,000. गटविम्याची खरी जादू अशी, की बहुतेक ठिकाणी जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पण नोकरी सुटली की हे छत्रही जातं. त्या भीतीने तुम्ही स्वतंत्र पॉलिसी चालूच ठेवणार असाल, किंवा बहिणीच्या ऑफिसकडून आई-वडिलांना विमा आधीच असेल, तर हे 3,000 जवळपास शून्यावर येतात.

आता बेरीज करू: 780 अधिक 1,820 अधिक 3,000, एकूण 5,600. हे 7,920 पेक्षा कमी आहेत. म्हणजे दुचाकीवाल्या, डबेवाल्या तुम्हाला पहिली ऑफर 2,320 रुपयांनी सरस. तुमच्या शेजारी राहणारी, रोज टॅक्सीने जाणारी मैत्रीण हाच हिशोब मांडेल तेव्हा एकट्या कॅबनेच दुसरी ऑफर जिंकेल. एकच ऑफर लेटर, आणि दोघांचे निकाल उलटे!

यात एक सुंदर उलटा हिशोबही दडलाय. करमुक्त 5,600 रुपये पगारातून हातात यायचे, तर पगार किती वाढवून मागावा लागेल? 5,600 भागिले 0.792, म्हणजे सुमारे 7,070. दुसऱ्या कंपनीशी वाटाघाटी करताना हा आकडा हाताशी असू द्या: तिची ऑफर तुमच्यासाठी 1,47,070 च्या पगाराएवढी आहे.

एका ठिकाणी मात्र हा हिशोब हमखास फसतो. अनेक कंपन्या विम्याचा हप्ता आणि जेवणाचा खर्च सीटीसीमध्येच धरतात. सीटीसीच्या आकड्यात तुम्ही या सोयी पुन्हा मिळवल्या, तर त्या दोनदा मोजल्या जातात. म्हणून सही करण्याआधी एचआरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सोयी सीटीसीच्या आत आहेत की बाहेर, कॅब आणि पालकांच्या विम्यासाठी पगारातून किती कापणार, आणि विम्याची रक्कम किती, त्यात खोलीभाड्याची मर्यादा किंवा बिलातला स्वतःचा वाटा आहे का. ही उत्तरं मिळेपर्यंत दोन्ही आकड्यांची तुलना करू नका.