31 डिसेंबरचं कर्ज आणि वर्षभराचं कर्ज

ताळेबंदात कर्ज कमी दिसलं की कंपनी सुरक्षित, असं अनेक गुंतवणूकदार धरून चालतात. ब्रिटनमधल्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीच्या 2016 च्या हिशेबांत 31 डिसेंबरचं निव्वळ कर्ज सुमारे 22 कोटी पौंड होतं आणि भागधारकांचा निधी सुमारे 73 कोटी. कर्जाला या निधीने भागलं की गिअरिंग येतं 30 टक्के, म्हणजे काळजीचं कारण नाही. पण त्याच वर्षाचं सरासरी कर्ज 59 कोटींच्या आसपास होतं. ते धरलं तर गिअरिंग 80 टक्क्यांवर जातं.

ताळेबंद एका दिवसाचा असतो. त्या दिवसाआधी ग्राहकांकडून वसुली घाईने केली आणि पुरवठादारांची बिलं थोडी लांबवली की कर्ज तात्पुरतं उतरतं. व्याज मात्र वर्षभर लागतं, त्यामुळे चोरी तिथे पकडता येते. समजा, वर्षअखेरीस कर्ज 50 कोटी, व्याजखर्च 8 कोटी आणि कंपनीला कर्ज मिळतं 9 टक्क्यांनी. मग वर्षभरात सरासरी कर्ज 89 कोटींच्या घरात असणार.

दुसरा गैरसमज भागाकाराच्या खालच्या आकड्याचा. भागधारकांचा निधी म्हणजे अडचणीत कामाला येणारी ठोस मालमत्ता, असं वाटतं. कॅरिलियनच्या ताळेबंदात गुडविलच 157 कोटी पौंडांच्या आसपास होतं. इतर कंपन्या विकत घेताना त्यांच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जे जास्त मोजलं, ते हे. ते वजा केलं की निधी शून्याच्याही बराच खाली जातो आणि गिअरिंगला अर्थच उरत नाही. माझ्या मते गुडविल वगळल्याशिवाय गिअरिंग पाहूच नये.

इंटरेस्ट कव्हरबद्दलचा समज जास्त धोक्याचा. व्याज आणि करापूर्वीचा नफा व्याजाच्या चौपट असला, तर व्याज आरामात भरलं जाईल, असं मानतात. पण व्याज रोखीतून भरावं लागतं, आणि मोठ्या कंत्राटांत नफा हा अंदाज असतो: काम किती झालं, अंतिम खर्च किती येईल, वादातली बिलं मिळतील की नाही. नफा 24 कोटी आणि व्याज 6 कोटी असेल तर कव्हर चारपट. त्यातले 15 कोटी न मिळालेल्या बिलांचे निघाले, तर ते दीडपटीवर येतं, आणि मुद्दल परत करायचं तर यात धरलेलंच नाही.

कॅरिलियनने जुलै 2017 मध्ये कंत्राटांच्या किमतीत 84.5 कोटी पौंडांची घट जाहीर केली. ज्या नफ्यावर कव्हर मोजलं जात होतं, त्याचा पायाच गेला. 15 जानेवारी 2018 ला कंपनी अवसायनात निघाली तेव्हा देणी 700 कोटी पौंडांच्या जवळ होती आणि हातात रोख होती फक्त 2.9 कोटी.

म्हणून नफ्याशेजारी रोख प्रवाहाचं पत्रक ठेवावं. व्यवसायातून आलेली रोख नफ्यापेक्षा वर्षानुवर्षं कमी पडत असेल, तर कव्हर काढताना नफ्याऐवजी तीच रोख, भरलेलं व्याज त्यात परत मिळवून, घ्यावी.