विद्राव्यतेचे नियम आणि विहिरीतील फ्लोराइड

दोन लवणांचे विद्राव एकत्र केले असता अवक्षेप मिळेल की नाही, हे प्रयोगापूर्वीच सांगता यावे म्हणून विद्राव्यतेचे नियम शिकविले जातात. सोडियम, पोटॅशियम व अमोनियम यांची बहुतेक लवणे विद्राव्य. सर्व नायट्रेटे विद्राव्य. कार्बोनेटे व फॉस्फेटे, अल्कली धातूंची व अमोनियमची सोडल्यास, अविद्राव्य. अशी ही मालिका सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या नियमांतील ‘अविद्राव्य’ हा शब्द नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात तो कॅल्शियम फ्लोराइड या एकाच लवणाच्या आधारे करावयाचा आहे. हे लवण निवडण्याचे कारण आपल्या भागातच आहे. गोंदिया जिल्ह्यासह पूर्व विदर्भात ग्रॅनाइट व नाइस यांसारख्या स्फटिकमय खडकांचे प्रदेश आहेत. अशा खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजांवरून झिरपणाऱ्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइडचे प्रमाण पिण्यास योग्य अशा मर्यादेपलीकडे जाते. भारतीय मानकानुसार ते दर लिटरला १ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात व पुढे हाडे आणि सांधे ताठरतात.

प्रथम नियमाची रीत पाहू. सोडियम फ्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड यांचे विद्राव मिसळले, तर भांड्यात Na⁺, F⁻, Ca²⁺ व Cl⁻ असे चार आयन असतात. मूळ लवणे विद्राव्य होतीच. म्हणून फक्त नव्याने संभवणाऱ्या दोन जोड्या तपासावयाच्या. सोडियम क्लोराइड विद्राव्य आहे. फ्लोराइडांच्या बाबतीत मात्र इतर हॅलाइडांवरून अनुमान करणे धोक्याचे असते. सिल्व्हर क्लोराइड अविद्राव्य असताना सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात सहज विरघळते. उलट कॅल्शियम क्लोराइड अत्यंत विद्राव्य असताना कॅल्शियम फ्लोराइड अविद्राव्यांत मोडते. तेव्हा नियमाचे उत्तर असे :

Ca²⁺ + 2F⁻ → CaF₂

दोन्ही विद्राव दर लिटरला ०.०१ मोल संहतीचे घेतल्यास हे भाकीत खरे ठरते. अवक्षेप पांढरा, पण बुळबुळीत व अर्धपारदर्शक असतो आणि सावकाश जमतो. त्यामुळे घाईने पाहणारास विद्राव स्वच्छच वाटण्याचा संभव असतो. भांडे किंचित तापवून काही काळ स्थिर ठेवावे, किंवा विद्राव अपकेंद्री यंत्रात फिरवावा, म्हणजे शंका उरत नाही.

आता हेच विद्राव बरेच विरल करून घेऊ. कॅल्शियम क्लोराइड ०.००१ मोल व सोडियम फ्लोराइड ०.०००३ मोल, दोन्हींचे आकारमान समान. नियमात काहीच बदल झालेला नाही. तरी या वेळी कितीही वाट पाहिली तरी अवक्षेप मिळत नाही. याचे कारण विद्राव्यता-गुणाकारात आहे. कॅल्शियम फ्लोराइडसाठी २५° सेल्सियसला

[Ca²⁺][F⁻]² = ३.५ × १०⁻¹¹

ही संपृक्ततेची सीमा होय. मिश्रणात प्रत्येक विद्रावाची संहती निम्मी होते, ही गोष्ट गणितात विसरता कामा नये. म्हणून दुसऱ्या प्रयोगात डावीकडील गुणाकार (५ × १०⁻⁴) × (१.५ × १०⁻⁴)² म्हणजे सुमारे १.१ × १०⁻¹¹ येतो. तो सीमेच्या आत आहे. पहिल्या प्रयोगात तोच १.२५ × १०⁻⁷, म्हणजे सीमेच्या साडेतीन हजार पट होता. यावरून असे दिसून येईल की, विद्राव्यतेचे नियम हे प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या संहतींसाठी बांधलेले आहेत. लिटरमध्ये साधारण ०.०१ मोलहूनही कमी विरघळणाऱ्या लवणास त्यांत अविद्राव्य म्हटले जाते. त्या शब्दाचा अर्थ ‘मुळीच न विरघळणारे’ असा नव्हे.

रसायनशाळेत हा भेद उपेक्षणीय असेल. विहिरीच्या पाण्यात तो निर्णायक ठरतो. शुद्ध पाण्यात कॅल्शियम फ्लोराइड लिटरला केवळ १६ मिलिग्रॅम विरघळते. मात्र तेवढ्याने पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड उतरते. म्हणजे ज्या लवणास नियम अविद्राव्य म्हणतो, त्याचा संपृक्त विद्राव पिण्याच्या कमाल मर्यादेच्या पाचपट फ्लोराइड बाळगतो.

उदाहरणादाखल लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड व २० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले पाणी घेऊ. मोलमध्ये या संहती अनुक्रमे १.५८ × १०⁻⁴ व ५ × १०⁻⁴ होतात आणि गुणाकार १.२५ × १०⁻¹¹ येतो. पाणी असंपृक्त आहे; इतकेच नव्हे, तर खडकात फ्लोराइड उपलब्ध असल्यास ते लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते. यात कॅल्शियमचे लवण घालून फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमवर आणावयाचे म्हटले, तर सीमेच्या समीकरणावरून कॅल्शियम लिटरला सुमारे २२५ मिलिग्रॅम ठेवावे लागेल. पिण्याच्या पाण्यातील कॅल्शियमची कमाल मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमवर आणण्यासाठी तर कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागते. शिवाय हे गणित आदर्श विद्रावाचे आहे. प्रत्यक्षात इतर आयनांच्या सान्निध्यामुळे विद्राव्यता काहीशी वाढते, आणि सीमा थोडीशीच ओलांडली असता विद्राव दीर्घ काळ अतिसंपृक्त अवस्थेत राहतो. तात्पर्य, नियमानुसार जो अवक्षेप पडावयास हवा, त्याच्या भरवशावर पाणी पिण्याजोगे होत नाही.

समीकरणाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅल्शियम जितके कमी, तितके फ्लोराइड अधिक राहू शकते. पाण्यात सोडियम बायकार्बोनेट विपुल असल्यास त्यापासून होणारे कार्बोनेट आयन कॅल्शियमला कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपाने खाली बसवितात. येथे अविद्राव्य कार्बोनेटाचा नियमच लागू पडतो. परंतु त्याचा परिणाम असा की, फ्लोराइडला अडविणारा आयन पाण्यातून निघून जातो. म्हणूनच अधिक फ्लोराइडची पाणी बहुधा सोडियम-बायकार्बोनेट वर्गातील व कमी कॅल्शियमची आढळतात. साबणाला चांगला फेस येतो, डाळ लवकर शिजते, म्हणून गोड समजले जाणारे पाणी या दृष्टीने निर्धोक असतेच असे नाही. चवीने वा वासाने फ्लोराइड ओळखू येत नाही. त्याचे मापनच करावे लागते.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘नालगोंडा पद्धती’ या अडचणीतून वेगळ्या वाटेने जाते. तीत पाण्यात चुना व तुरटी घालून ढवळतात. निर्जंतुकीकरणासाठी विरंजक चूर्णही घालतात. त्यातून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा फुगीर साका तयार होतो आणि फ्लोराइड मुख्यत्वे त्या साक्याच्या पृष्ठभागावर धरले जाऊन त्यासह तळाशी बसते. येथे फ्लोराइडचे कोणतेही लवण संपृक्ततेची सीमा ओलांडून वेगळे होणे आवश्यक नसते. त्यामुळे कॅल्शियम फ्लोराइडच्या विद्राव्यतेने घातलेले बंधन या पद्धतीला आड येत नाही. मात्र दोन लवणांच्या आयनांच्या जोड्या लावणाऱ्या नियमांवरून ही क्रिया आधी सांगता आली नसती.

तेव्हा अवक्षेपाचे भाकीत दोन पायऱ्यांनी करणे उचित होय. कोणते लवण खाली बसू शकेल, हे नियम सांगतात. ते खाली बसेल की नाही व विद्रावात किती उरेल, हे संहती आणि विद्राव्यता-गुणाकार सांगतात. लिटरमागे मिलिग्रॅमचा प्रश्न असेल, तेथे दुसऱ्या पायरीवाचून दिलेले उत्तर अपुरे समजावे.