शिल्लक जुळली, पण चेक परतला होता

मंगरूळपीरच्या आमच्या कापडदुकानात बँकेचा खातेउतारा आला, की फक्त अखेरची शिल्लक पाहत असू. एकदा उताऱ्याच्या गोषवाऱ्यात जमा नोंदी २७, बेरीज ३,१८,५०० रुपये. नावे नोंदी १९, बेरीज ३,०५,९००. आमच्या वहीत जमा २६ आणि नावे १८. दोन्ही बेरजा १२,४०० नी कमी, शिल्लक मात्र तंतोतंत!

व्यापारी बंधूंनो, एकेक ओळीवर खूण केली तेव्हा उलगडले. गिऱ्हाइकाचा चेक जमा होऊन न वटता परतला होता. मुनीमजींनी ‘आले तसे गेले’ म्हणून दोन्ही ओळी सोडल्या. चेक परतीचा आकार तेवढा बँक खर्चात लिहिला. उधारीच्या वहीत मात्र १२,४०० वसूल! बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आमच्या हाती चारच दिवस उरले होते.