पेट्रोल बदललं, कार्बोरेटर तोच राहिला

शंभर-सव्वाशे सीसीच्या ज्या मोटरसायकली 2020 च्या आधी विकल्या गेल्या, त्या बहुतेक कार्बोरेटरवर चालणाऱ्या आहेत. गावोगावी त्या आजही रोज धावतात. त्यांची रचना झाली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल असलंच तर अगदी थोडं असायचं. जून 2022 मध्ये देशाने सरासरी 10 टक्के मिश्रण गाठलं, फेब्रुवारी 2023 मध्ये 20 टक्क्यांचं ई-20 विक्रीला आलं आणि 2025 मध्ये तेच पंपावरचं नेहमीचं पेट्रोल होऊन बसलं. तेव्हापासून जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये एकच गाऱ्हाणं घेऊन येतो: ‘साठचं ॲव्हरेज द्यायची, आता पंचेचाळीसवर आली.’ त्यातलं इथेनॉलमुळे किती आणि गाडीच्या दुखण्यामुळे किती, याचा हिशेब मांडता येतो.

एक लिटर पेट्रोल जाळलं तर जेवढी उष्णता मिळते, तिच्या सुमारे दोन तृतीयांशच एक लिटर इथेनॉलमधून मिळते. ई-20 मध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल. म्हणजे पाचव्या हिश्श्यातला एक तृतीयांश कमी, एकूण साधारण पावणेसात टक्के. ही झाली कागदावरची घट. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-10 साठी जुळवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज 3 ते 4 टक्के, तर तशाच चारचाकींचं 6 ते 7 टक्के घटेल असा अंदाज दिला आहे. साठ देणारी मोटरसायकल 4 टक्के घटीने साडेसत्तावन्नच्या आसपास येते. कागदावरची पूर्ण घट धरली तरी ती छप्पनच्या खाली जायला नको. पंचेचाळीसवर आली असेल तर पंधरा किलोमीटरपैकी चारच इथेनॉलच्या खात्यावर मांडता येतात. उरलेले अकरा कुठे गेले, ते गाडीतच शोधायला हवं.

शोधाची पहिली जागा कार्बोरेटर. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त 9. त्यामुळे ई-20 ला साडेतेरा किलोच्या आसपास हवा पुरते. बीएस-6 गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि इंजेक्टर थोडं जास्त पेट्रोल सोडतो. कार्बोरेटरला असं काही कळत नाही. त्याच्या जेटचं भोक ठरलेलं, त्यामुळे पेट्रोल पूर्वीइतकंच येतं आणि हवा गरजेपेक्षा जास्त होते. मिक्श्चर आठेक टक्क्यांनी ‘लीन’ होतं. गाडी मुळात किंचित ‘रिच’ लावलेली असेल तर हे खपूनही जातं. पण आधीच लीन असेल, किंवा ॲव्हरेज वाढवण्यासाठी मुद्दाम तशी केली असेल, तर त्रास दिसू लागतो. सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, ॲक्सिलरेटर पटकन दिला की गाडी दचकते, सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते. प्लग काढून पाहावा. टोक चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरट असेल तर मिक्श्चर लीन आहे. अशा वेळी ट्यूनिंग पुन्हा करून घ्यावं. निडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर उचलली जाते आणि मधल्या वेगाला पेट्रोल जरा जास्त मिळतं. ॲव्हरेजच्या मोहाने उलटं करत गेलं तर इंजिन तापतं, ओढ कमी होते, मग चालवणारा ॲक्सिलरेटर जास्त पिळतो आणि पेट्रोल आणखीच जातं.

दुसरी गोष्ट रबराची. इथेनॉलमुळे काही जुन्या प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. कार्बोरेटरमध्ये त्याचा फटका बसतो ओ-रिंगला, गॅस्केटला आणि विशेषतः फ्लोट निडलच्या टोकाला. फ्लोट चेंबर भरलं की हे टोक पेट्रोलची वाट बंद करतं. ते नीट बसेनासं झालं, की पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून ठिबकतं. हरवलेल्या ॲव्हरेजचा मोठा वाटा असाच जमिनीवर सांडलेला सापडू शकतो. ओव्हरफ्लोची नळी चोंदली असेल तर प्रकरण वाढतं. कॉक उघडा ठेवून लावलेल्या गाडीत रात्रभर पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरू शकतं.

इंजिनची खरी झीज इथून सुरू होते. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल पिस्टन, सिलिंडर आणि कॅम यांच्यामध्ये टिकत नाही, मग धातू धातूला घासतो. इथेनॉल थेट इंजिन ‘खातं’ असं नाही. अडचण असते ती दुर्लक्षित सुट्या भागाची आणि सतत लीन चालणाऱ्या, तापलेल्या इंजिनाची. ओळखायला सोपं आहे: ऑइलची पट्टी काढून बघायची. पातळी आपोआप वाढली असेल आणि वास पेट्रोलचा येत असेल, तर गाडी सुरू न करता आधी निडल आणि ऑइल दोन्ही बदलायचं. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये म्हटलं होतं, की काही जुन्या गाड्यांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होण्यासारखं आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाण्याचाही प्रश्न येतो. टाकीच्या झाकणाजवळची पाणी निघून जायची बारीक वाट चिखलाने बुजली की पाणी टाकीत झिरपतं. पूर्वी ते तळाशी वेगळं बसायचं. आता थोडं पाणी इथेनॉलमध्ये विरघळून जाळलं जातं, हा फायदाच. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून फुटतं आणि तो थर तळाशी, म्हणजे नेमका कॉकच्या तोंडाशी येतो. गाडी रिझर्व्हवर घेतली की बंद पडते, टाकीला आतून गंज चढतो, फ्लोट चेंबरमध्ये पांढरी भुकटी धरते. इंजिन थंड असताना, आसपास विस्तव नाही हे पाहून, चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडावा आणि पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावं. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून धुवावी लागते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून चेंबर रिकामं करून ठेवणं बरं.

राहिलं जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही. दाबाखाली, ठिणगी पडण्याआधीच किंवा वेडंवाकडं पेटायला ते किती विरोध करतं, एवढंच तो सांगतो. शंभर सीसीच्या साध्या इंजिनाला 91 पुरत होता. इथेनॉलचा स्वतःचा आकडा शंभराच्या वर असल्यामुळे ई-20 तर 95 पर्यंत गेलंच आहे. म्हणजे मोठा आकडा हा इथेनॉल नसल्याचा पुरावा नव्हे. नॉक सेन्सर असलेलं, जास्त कॉम्प्रेशनचं किंवा टर्बो इंजिन ठिणगीची वेळ पुढे सरकवून या जादा ऑक्टेनचा उपयोग करून घेतं. कार्बोरेटरच्या मोटरसायकलला ती सोय नाही.

महिन्याला हजार किलोमीटर जाणाऱ्याचा हिशेब करू. साठच्या ॲव्हरेजने पावणेसतरा लिटर लागायचं, साडेसत्तावन्नने सुमारे 17.4 लिटर लागेल. 105 रुपये भाव धरला तर इथेनॉलपायी महिन्याला पाऊणशे रुपये जास्त. तेवढे वाचवायला लिटरमागे आठ रुपये महाग पेट्रोल भरलं, तर वरचा खर्चच एकशे चाळीसच्या घरात जातो आणि ॲव्हरेज तिथेच राहतं. तेच पैसे नवी फ्लोट निडल, ओ-रिंग, पेट्रोल फिल्टर आणि ट्यूनिंगसाठी बाजूला ठेवले, तर पंचेचाळीसची गाडी छप्पन-सत्तावन्नवर येण्याची आशा धरता येते.